साठ दिवसांची उधारी तीस दिवसांवर आणताना

शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या मशिन शॉपमध्ये हिशेबाचे काम नव्याने हाती घेणाऱ्याला, उधारीची मुदत साठवरून तीस दिवसांवर आणत असल्याचे ग्राहकाला कळवणारे पत्र सोपे वाटते, आणि मजकूर खरोखरच चार ओळींचा असतो. गोत्यात आणते ती त्यातली तारीख. ‘1 ऑक्टोबरपासून तीस दिवस’ एवढेच लिहिले, तर आपण बिलाची तारीख धरतो, ग्राहकाचा खरेदी विभाग ऑर्डरची धरतो आणि त्यांचा हिशेब विभाग माल जमा झाल्याची. आमच्या एका जुन्या ग्राहकाकडे जुलैत निघालेल्या पर्चेस ऑर्डरवर साठ दिवस छापलेले होते. त्यामुळे 1 ऑक्टोबरच्या बिलाचे पैसे 30 नोव्हेंबरलाच आले, आणि कागदावर त्यांचेच बरोबर होते.

म्हणून वाक्य पूर्ण लिहावे: ‘1 ऑक्टोबर रोजी व त्यानंतर काढलेल्या प्रत्येक बिलाची रक्कम बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांत देय राहील, 30 सप्टेंबरपर्यंतच्या बिलांना साठ दिवसांचीच मुदत राहील.’ त्याखाली चालू ऑर्डरींचे क्रमांक देऊन त्यांत लेखी दुरुस्ती मागावी. ती दुरुस्ती हाती येईपर्यंत मुदत बदलली असे कृपया समजू नका. फोनवरचे ‘बघतो, करून टाकू’ हे उत्तर मी तरी होकार मानत नाही, कारण पैसे सोडणाऱ्या माणसासमोर संगणकात भरलेले दिवस असतात, आपले संभाषण नसते.

दुसरी अडचण ग्राहकाच्या बाजूची आहे आणि ती आपणच आधी ओळखली पाहिजे. 1 सप्टेंबरचे बिल साठ दिवसांनी 31 ऑक्टोबरला देय होते आणि 1 ऑक्टोबरचे बिल तीस दिवसांनी त्याच दिवशी. पुढेही तसेच चालते, म्हणजे सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोन्ही महिन्यांची बिले नोव्हेंबरअखेरपर्यंत एकदमच अंगावर येतात. दर महिन्याला चार लाखांचा माल घेणाऱ्याला त्या एका महिन्यात आठ लाख उभे करायचे असतात, तेही बहुधा दिवाळीच्या बोनसच्या तोंडावर. ज्याला हे झेपणार नाही, त्याला फक्त ऑक्टोबरच्या बिलांसाठी पंचेचाळीस दिवस द्यावेत. मग तो दुहेरी भार नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात विभागला जातो. ही सवलत आपणहून देऊ केली, तर नेहमीचा ग्राहक सहसा तुटत नाही. तेवढी भीती बाळगण्याचे कारण नाही.

सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून आपली नोंदणी असेल, तर 2006 च्या कायद्यानुसार लेखी करारानेही मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. तरीही पहिल्या पत्रात कलमे घालू नयेत, ती धमकी वाटते. पत्र मात्र ऑगस्टच्या मध्यालाच, खरेदी आणि हिशेब या दोन्ही विभागांना स्वतंत्रपणे पाठवावे, पोच घ्यावी, आणि 1 ऑक्टोबरचे पहिले बिल काढण्यापूर्वी आपल्याच बिलाच्या तळाशी छापलेले साठ दिवस बदलले आहेत का, हे पाहावे.