मेडिकलसाठी अकरावीचे विषय निवडताना या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला, की ‘मेडिकलला गणित लागत नाही, मग ते घ्यायचे कशाला?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत त्यावरच निर्णय होऊन जातो. नीटमध्ये गणिताचा पेपर नसतो, हे खरे आहे. १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. परंतु या एका खऱ्या गोष्टीवरून गणित सोडण्याचा जो निष्कर्ष काढला जातो, तो मी पाहिलेल्या चुकांपैकी सर्वांत महाग पडलेला आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या विज्ञान शाखेत इंग्रजी, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांच्यासोबत जीवशास्त्र घेतले तर पीसीबी, गणित घेतले तर पीसीएम आणि दोन्ही घेतले तर पीसीएमबी असा गट तयार होतो. बायफोकल विषय, म्हणजे क्रॉप सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स यांसारखा दोनशे गुणांचा विषय, घेतला की दुसरी भाषा आणि विज्ञानातील एक विषय अशा दोघांची जागा तो घेतो. मेडिकलचा विद्यार्थी जीवशास्त्र सोडणार नाही, म्हणून बळी जातो तो गणिताचा.

असा एक विद्यार्थी माझ्या चांगला लक्षात आहे. दहावीला गणितात नव्वदच्या पुढे गुण असलेल्या या मुलाने नातेवाइकांच्या सल्ल्यावरून गणित सोडले आणि क्रॉप सायन्स घेतले, कारण त्यात गुण सहज मिळतात आणि वाचलेला वेळ नीटला देता येतो, असे त्याला सांगण्यात आले होते. बारावीनंतरच्या पहिल्या प्रयत्नात त्याला शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली नाही, म्हणून त्याने एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली. गुण वाढले, पण तरीही जागा थोडक्यात हुकली आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क घराच्या आवाक्याबाहेर होते. त्याला यंत्रांची ओढ होती, म्हणून बायोमेडिकल अभियांत्रिकीचा विचार पुढे आला, आणि तेव्हा कळले, की गुणपत्रिकेत गणितच नसल्यामुळे त्या प्रवेशासाठी तो पात्रच नाही. कृषी किंवा फार्मसीला गणित नसले तरी चालले असते, मात्र त्यासाठी लागणाऱ्या एमएचटी-सीईटीचा अर्जच त्याने त्या वर्षी भरला नव्हता. अखेर आणखी एक वर्ष घालवून, पीसीबी गटाची सीईटी देऊन तो बी.फार्मला गेला. तो तिथे उत्तम शिकला, यात शंका नाही, पण हे वर्ष केवळ विषयांच्या यादीमुळे आणि एका न भरलेल्या अर्जामुळे गेले.

या उदाहरणातून पालकांना मी एक फरक आवर्जून समजावून सांगतो. पात्रता आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारावीला गणित घेऊन साधारण गुणांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या सीईटीत लगेच चमकणार नाही, कारण पीसीएम गटाच्या दोनशे गुणांपैकी शंभर गुण एकट्या गणिताला असतात. परंतु त्याची पात्रता शाबूत राहते आणि नीटचा मार्ग बंद झाल्यावर त्याला पाच-सहा महिने गणिताला देऊन पुढच्या वर्षीची सीईटी देता येते. ज्याने विषयच सोडला, त्याला आधी तो विषय बोर्डाच्या किंवा मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतून स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावा लागतो आणि तयारीचा प्रश्न त्यानंतर येतो.

याचा अर्थ प्रत्येकाने पीसीएमबीच घ्यावे, असा नाही. गणिताची मुळातच धास्ती असलेल्या मुलाने ते केवळ खबरदारी म्हणून ओढत नेले, तर नीटची तयारीही बिघडते. मी एक साधी सवय पाळतो. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सदिश आणि कलनाची ओळख करून देणारे ‘गणिती पद्धती’ हे प्रकरण अगदी सुरुवातीला आहे. ते शिकवून झाल्यावर त्यातील उदाहरणे विद्यार्थ्याला उत्तरे न दाखवता सोडवायला देतो. विकलन म्हणजे काय हे समजून जो चुकत-माकत का होईना, पण स्वतः उत्तरापर्यंत पोहोचतो, त्याने गणित ठेवावे. ज्याला पायऱ्या फक्त पाठ कराव्या लागतात, त्याने ते सोडण्याचा विचार करावा, आणि तोही विषय बदलण्याची कॉलेजची मुदत संपण्यापूर्वी. मात्र गणित सोडले, तरी हे प्रकरण सोडता येत नाही. भौतिकशास्त्रात सरल आवर्त गती आणि रसायनशास्त्रात पीएच किंवा अभिक्रियेचा वेग काढताना लॉगॅरिदम व कलन समोर येतेच. नीटला भौतिकशास्त्रात कमी पडणारी अनेक मुले संकल्पनेत नव्हे, तर आकडेमोडीत अडकलेली असतात.

गणित ठेवणाऱ्यांसाठी माझी पद्धत अशी आहे: अकरावीत ते व्यवस्थित समजून पूर्ण करावे, बारावीत ते बोर्डापुरते ठेवावे आणि मागील वर्षांचे पेपर सोडवून रोजचा वेळ मर्यादित ठेवावा. दोन्ही गटांत अव्वल येण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलांना दोन्हीकडे अपयश आलेले मी पाहिले आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे पर्यायाचा विचार नीटच्या निकालानंतर करणे. नीट मे महिन्यात होते, पण सीईटीच्या अर्जाची मुदत त्याच्या बरीच आधी संपलेली असते. पीसीबीच्या विद्यार्थ्याने हा अर्ज भरायचाच असतो, नीटच्या तयारीबद्दल कितीही खात्री असली तरी. अभ्यासाचा भार फारसा वाढत नाही, कारण मजकूर बहुतांशी तोच असतो आणि सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर असतात. फरक एवढाच, की सीईटीत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे नीटची सवय लागलेल्यांनी एकही प्रश्न कोरा ठेवू नये. फार्मसी आणि राज्यातील कृषी विद्यापीठांचे बी.एस्सी. कृषी हे पर्याय यातूनच खुले होतात. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

नीटच्या गुणांवरच उघडणारे पर्यायही आधी वाचून ठेवावेत. बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस लोकांना ठाऊक असतात, पण फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक यांचे राज्यातील प्रवेशही नीटच्याच गुणांवर होतात, हे अनेकांना समुपदेशनाची मुदत टळल्यावर कळते. पशुवैद्यकाची प्रवेश प्रक्रिया नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ राबवते आणि परळ, शिरवळ, परभणी, उदगीर येथेही त्याची महाविद्यालये आहेत. एमबीबीएसच्या अर्जावर त्याचा अर्ज आपोआप होत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नका, कारण नीटच्या पात्रतेसाठी ते उत्तीर्ण व्हावेच लागते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत मिळून खुल्या वर्गासाठी ५० टक्के, म्हणजे तीनशेपैकी दीडशे गुण आवश्यक असतात. क्लासच्या नादात बोर्डाला क्षुल्लक समजणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा. प्रत्येक विषयातील तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात, म्हणून प्रयोगशाळा बुडवू नका. जीवशास्त्र नंतर अतिरिक्त विषय म्हणून घेण्याची मुभा २०२३ पासून मिळाली आहे, पण नीटचे निम्मे गुण ज्या विषयाचे, तो उशिरा सुरू करण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.