शेगडीवरून की शेगडीपासून? फिनिश सूचना मराठीत आणताना

फिनिश शिकून भाषांतराकडे वळणाऱ्यांना मी सरावाला पहिल्यांदा एक छोटीशी पाककृती देते. फिनलंडच्या घरोघरी रव्याची दुधातली पेज करतात, तिला मान्नापूरो म्हणतात. आपल्या रव्याच्या खिरीची ती साधी बहीण. सूचना अशी:

ओता माइतो यॅकापिस्ता. कादा माइतो कात्तिलान या नोस्ता कात्तिला लिएदेल्ले. लिसॅ मान्नासूरिमोत या सेकोइता पूलुसिकाल्ला, कुन्नेस पूरो साकेने. नोस्ता कात्तिला लिएदेल्तॅ या यॅतॅ पूरो कात्तिलान वीदेक्सी मिनूतिक्सी. एत्सि कानेलि कापिस्ता.

(‘या’ म्हणजे ‘आणि’. आणि पहिला शब्द ‘ओता’ म्हणजे ‘घे’, आपलं ‘ओता’ नव्हे. ओतण्याला फिनिशमध्ये ‘कादा’. या एका योगायोगाने बरेच जण पहिल्याच ओळीला दचकतात.)

कामात मूळ फिनिश मजकुरासोबत बहुतेक वेळा इंग्रजी प्रतही येते. नवा माणूस साहजिकच तिच्याकडे वळतो आणि नेमका तिथेच फसतो. इंग्रजीत दूध ‘फ्रॉम द फ्रिज’ काढायचं असतं आणि पातेलं ‘फ्रॉम द स्टोव्ह’ उचलायचं असतं, दोन्हीकडे एकच ‘फ्रॉम’. त्यावरून काम केलेल्यांच्या वहीत ‘शेगडीपासून उचला’ हमखास सापडतं. चूक भाषांतरकाराच्या मराठीची नसते. आतून निघणं आणि वरून निघणं यातला फरक इंग्रजीने वाटेतच टाकून दिलेला असतो.

फिनिशमध्ये तो फरक शब्दाच्या शेपटीत स्पष्ट आहे. ‘यॅकापिस्ता’मधला ‘-स्ता’ म्हणजे आतून, ‘लिएदेल्तॅ’मधला ‘-ल्तॅ’ म्हणजे वरून. मराठीतही तो जसाच्या तसा आहे: फ्रिजमधून, शेगडीवरून. फिनिशच्या व्याकरणात साधारण 15 विभक्ती मोजतात. त्यातल्या सहा जागेच्या आहेत आणि त्या दोन कुटुंबांत बसतात. आतल्या कुटुंबात ‘-स्सा’ (आत असणं), ‘-स्ता’ (आतून निघणं) आणि स्वर लांबवून शेवटी ‘न’ (आत जाणं). वरच्या कुटुंबात ‘-ल्ला’, ‘-ल्ता’, ‘-ल्ले’, म्हणजे वर असणं, वरून निघणं, वर जाणं. शब्दातल्या स्वरांप्रमाणे ‘ला’चं ‘लॅ’, ‘ता’चं ‘तॅ’ होतं, अर्थ बदलत नाही. आपल्या ‘त, तून, वर, वरून’ या जोड्या यांच्याशी इतक्या जुळतात की इंग्रजी प्रत बाजूला ठेवून थेट काम करणं सोपं पडतं.

जुळत नाही ती एक जागा मात्र लक्षात ठेवा. ‘कात्तिलास्सा’ म्हणजे पातेल्यात आहे, ‘कात्तिलान’ म्हणजे पातेल्यात जातं. मराठीत दोन्हीला ‘पातेल्यात’च. हालचाल आपण क्रियापदावर सोडतो: पातेल्यात आहे, पातेल्यात ओता. ‘लिएदेल्लॅ’ आणि ‘लिएदेल्ले’ यांचंही तेच, दोन्ही ‘शेगडीवर’. म्हणून फिनिश शेपटीत हालचाल दिसली की मराठी क्रियापद ती हालचाल दाखवतंय ना, एवढं बघायचं. मी प्रत्येक नामाला फिनिशमधलेच प्रश्न विचारते: मिस्सॅ (कुठे आहे), मिस्तॅ (कुठून), मिहिन (कुठे जातं). आपलं ‘कुठे’ पहिल्याला आणि तिसऱ्याला दोन्हीकडे चालतं, त्यामुळे मराठीत विचारलं तर हा भेद निसटतो.

याच खुणेने पाककृतीतली खरी गंमत सापडते. ‘यॅतॅ पूरो कात्तिलान’ म्हणजे पेज पातेल्यातच राहू द्या. पण शेपटी ‘आत जाणं’ दाखवते, जणू पेज आता पातेल्यात घालायची आहे. फिनिशमध्ये ठेवून देणं, राहणं, विसरणं या क्रियापदांना जाण्याची विभक्ती लागते. पिशवी बसमध्ये विसरली तर फिनिश माणूस ती बसच्या आत जाणाऱ्या रूपात विसरतो. नुसत्या शेपटीवर विसंबणारा इथे ‘पेज पातेल्यात घाला’ लिहितो आणि वाचणारी बाई दुसरं पातेलं शोधायला लागते. शेवटचं वाक्य उलट्या बाजूने तसंच आहे. शोधणं आणि सापडणं यांना फिनिशमध्ये ‘आतून’ लागतं: ‘एत्सि कानेलि कापिस्ता’. मराठीत आपण दालचिनी कपाटात शोधतो. तेव्हा क्रियापद आधी ओळखायचं, शेपटी नंतर. कोणत्या क्रियापदाला कोणती विभक्ती लागते याची उदाहरणं कोतुस या फिनलंडच्या भाषा संस्थेच्या मोफत ऑनलाइन शब्दकोशात मिळतात. मी ती सर्रास बघते, इतकी वर्षं काम करूनही.

‘-ल्ला’चा आणखी एक धंदा आहे. ‘पूलुसिकाल्ला’ म्हणजे लाकडी चमच्यावर नव्हे, चमच्याने. साधन आणि वाहन यांनाही हीच शेपटी लागते, त्यामुळे ‘बुस्सिल्ला’ म्हणजे बसने. कधी ‘वर’ आणि कधी ‘ने’ हे वस्तूवरून आणि क्रियापदावरून कळतं. ढवळायला सांगितलंय आणि शेजारी चमचा आहे, मग शंका उरत नाही.

शब्दकोशात शब्द सापडत नाही ही तक्रार नेहमीची. ‘कापिस्ता’तून ‘-स्ता’ काढलं तर ‘कापि’ उरतं आणि कोशात तो नसतो, कारण मूळ शब्द ‘काप्पी’. ‘लुसिका’चा मूळ शब्द ‘लुसिक्का’, ‘लिएदे’चा तर ‘लिएसी’. काही व्यंजनं शेपटी लागताना सौम्य होतात. मराठी माणसाने यावर कुरकुर करू नये, आपणही ‘चमच्याने’ पाहून ‘चमचा’ शोधतो आणि ‘पाण्यात’ पाहून ‘पाणी’. अडलं की त्याच शब्दाचं ‘आत जाण्याचं’ रूप बघा. तिथे जोडव्यंजन बहुतेकदा शाबूत असतं: ‘काप्पीन’.

‘वीदेक्सी मिनूतिक्सी’ हे ‘पाच मिनिटांकरता’. इथे संख्येलाही शेपटी लागली आहे, ‘वीसी’चं ‘वीदेक्सी’ झालं आहे. छापील पाककृतीत मात्र नुसता 5 असतो आणि शेपटी फक्त मिनिटांवर दिसते. मराठीत ‘पाच मिनिटांसाठी ठेवा’ हे इंग्रजीच्या ‘फॉर’चं सावट आहे. आपण ‘पाच मिनिटं ठेवा’ म्हणतो, प्रत्ययाशिवाय.

दुधाचं रूपही बघून घ्या. ‘माइतो’ म्हणजे ठरलेलं सगळं दूध, ‘माइतोआ’ असतं तर थोडंसं दूध. मराठीत दोन्ही ‘दूध’च दिसेल, म्हणून दुसऱ्या वेळी ‘थोडं’ घालावं लागतं.

फिनिश पाककृती वाचकाला एकवचनात आज्ञा देते, पण त्यात अरेतुरे नाही. मराठीत ‘ओत, ठेव’ केलं तर आई मुलाला सांगतेय असं वाटेल, म्हणून ‘ओता, ठेवा’. माझी शेवटची प्रत अशी:

फ्रिजमधून दूध काढा. ते पातेल्यात ओता आणि पातेलं शेगडीवर ठेवा. रवा घाला आणि पेज दाट होईपर्यंत लाकडी चमच्याने ढवळा. पातेलं शेगडीवरून उतरवा आणि पेज पाच मिनिटं पातेल्यातच राहू द्या. दालचिनी कपाटात शोधा.

‘नोस्ता’ दोन्ही वेळा एकच आहे, ‘उचल’. मी एकदा ‘ठेवा’ केलं, एकदा ‘उतरवा’, कारण वर जाणं आणि वरून येणं हे फिनिशने शेपटीत सांगितलं होतं आणि मराठी स्वयंपाकघरात ते क्रियापदानेही सांगतात. ‘शेगडीवर उचला’ कुणी म्हणत नाही.