आजीचं गोठलेलं खातं असं सुटलं

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गाव बीड जिल्ह्यातलं. औषधाला पैसे काढायला गेली तर काउंटरवर उत्तर मिळालं, "खातं फ्रीज आहे." का, ते कुणी सांगेना. ना पत्र, ना फोन. मेसेज गेला म्हणे, पण तो नंबर आजोबांचा होता आणि ते जाऊन तीन वर्षं झाली!

पासबुक भरून घेतलं तेव्हा उलगडा झाला: श्रावणबाळचे पैसे जमा होत होते, फक्त निघत नव्हते. म्हणजे केवायसीची मुदत टळली असावी, असा अंदाज बांधला.

तोंडी भांडणं सोडलं आणि शाखाधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहिला. खातं कोणत्या कारणाने, कोणत्या तारखेपासून गोठवलं आणि आधी लेखी सूचना कधी पाठवली, हे लेखी मागितलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, हेही लिहिलं. ही तक्रार cms.rbi.org.in वर फुकट करता येते. पण आधी बँकेकडे केलेली तक्रार दाखवावी लागते, म्हणून तो शिक्का.

सोबत आधारची प्रत, पत्ता बदललेला नाही असं आजीचं स्वयंघोषणापत्र आणि माझा मोबाइल नंबर जोडला. चौथ्या दिवशी पैसे निघाले. कारणाचं पत्र मात्र अजून आलेलं नाही. ते मी सोडणार नाही.