सेल बदलला आणि गजर मुका झाला: डिजिटल घड्याळाच्या या चुका टाळा

कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ सालचे साधे प्लॅस्टिकचे घड्याळ एका सेलवर सुमारे सात वर्षे चालते आणि महिन्याला फार तर तीस सेकंद मागेपुढे होते. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी अशी घड्याळे बहुधा स्वतःहून बिघडलेली नसतात, तर सेल बदलताना घाईने बिघडवलेली असतात.

लातूर जिल्ह्यातले माझे चुलते गजर लावून रात्री दोनला मोटार चालू करायला उठत, कारण त्या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्रीचीच होती. बसस्थानकाजवळच्या एका दुकानात पाच मिनिटांत सेल बदलून घेतल्यानंतर दोन रात्री त्यांना जाग आली नाही आणि उसाचे पाणी हुकले. "घड्याळ चालालंय, पण वरडंना झालंय," असे म्हणत त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. वेळ बरोबर होती, गजराची खूणही पडद्यावर दिसत होती. मागचे झाकण उघडताच कारण कळले. आवाज करणारी पातळ चकती झाकणाला आतून चिकटवलेली असते आणि तिच्यापर्यंत वीज नेणारी तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक स्प्रिंग आतल्या यंत्रावर उभी असते. झाकण उचलताना ती उडाली होती. जुन्या घड्याळातली स्प्रिंग बसवल्यावर गजर पूर्ववत झाला. मी झाकण नेहमी पांढऱ्या कापडावर, स्टीलच्या ताटात उघडतो आणि प्रथम स्प्रिंग काढून बाटलीच्या झाकणात ठेवतो. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे.

दुसरी चूक म्हणजे नवा सेल बसवून पडद्यावर अर्धवट आकडे दिसताच किंवा पडदा कोराच राहताच घड्याळ मेले असे ठरवणे. सेलजवळ 'एसी' असे कोरलेला एक बिंदू असतो. तो आणि सेलची वरची धन बाजू धातूच्या चिमट्याने दोन सेकंद एकत्र जोडली की यंत्र नव्याने सुरू होते. एवढे न करता घड्याळ फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत.

सेल सीआर २०१६ हाच घ्यावा. शेवटचे दोन आकडे जाडी सांगतात, म्हणजे १.६ मिलिमीटर, सीआर २०२५ हा त्याहून जवळजवळ एक मिलिमीटर जास्त जाड असल्याने तो दाबून बसवू नये. झाकणाभोवतीचे रबरी कडे खाचेत नीट बसले नाही, तर पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते. कडे शाबूत असले तरी हे घड्याळ हात धुण्यापुरते आणि पावसापुरतेच आहे, विहिरीत पोहण्यासाठी नाही.

गजर दोनचा लावूनही दुपारी वाजत असेल, तर पडद्यावर पीएम दिसते का ते पाहावे. मी चुलत्यांचे घड्याळ चोवीस तासांवरच ठेवून दिले. स्टॉपवॉच एका तासानंतर पुन्हा शून्यापासून मोजते, म्हणून मोटार किती वेळ चालली हे त्यावर मोजू नये. आणि दिवा लावताच आकडे फिके पडू लागले, की सेल संपत आला असे समजावे.