मित्राच्या वडिलांची बायपास नीट झाली, मित्राला काय लिहाल?

बायपास पार पडली की 'सुटलास बाबा, आता टेन्शन संपलं!' असा मेसेज हमखास जातो. पण छातीचं हाड जुळून यायला दीड-दोन महिने तरी लागतात, तोवर जड उचलायचं नाही, कुशीवर वळतानाही दुखतं. घरच्यांची खरी धावपळ डिस्चार्जनंतरच. म्हणून आधी आनंद, मग पुढचे दिवस, शेवटी एक नेमकी मदत:

'काकांचं ऑपरेशन नीट झालं, वाचून जिवात जीव आला रे. घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे दमवतील, ठाऊक आहे. रविवारी दुपारी मी त्यांच्याजवळ बसतो, तू झोप काढ. उत्तराची घाई नको.'

'काही लागलं तर सांग' नको. कुणी सांगत नाही. आणि काका आयसीयूत असेपर्यंत भेटीचा आग्रह धरू नका.