चार्ज नोंदवताना तारखेचा घोळ कसा सुटला

आमच्या कंपनीने यंत्रसामग्री तारण ठेवून बँकेकडून मुदत कर्ज घेतलं. हायपोथिकेशन करारावर, म्हणजे यंत्रं आमच्याच ताब्यात ठेवून ती तारण देण्याच्या करारावर, ३ जूनला सह्या झाल्या, पैसे खात्यात आले २० जूनला. बँकेचे अधिकारी म्हणाले, चार्जची, म्हणजे तारण मालमत्तेवरच्या बँकेच्या हक्काची, नोंदणी २० जुलैपर्यंत केली तरी चालेल.

मला ते पटेना. कंपनी कायद्याचं कलम ७७ काढून पाहिलं. ३० दिवस मोजायचे ते चार्ज निर्माण झाल्यापासून, आणि आमच्या बाबतीत तो करारानेच निर्माण झाला होता. म्हणजे शेवटची तारीख ३ जुलै. पुढे, करारापासूनच मोजून, ६० दिवसांपर्यंत जादा शुल्क, त्यानंतर १२० दिवसांपर्यंत कर्जाच्या रकमेनुसार शुल्क, आणि मग वाट बंद.

चार्ज नोंदणीच्या CHG-1 अर्जावर कंपनी आणि बँक दोघांचीही डिजिटल सही लागते. बँकेतल्या साहेबांची सही मुदत संपलेली निघाली, आमचं काम खरं अडलं ते इथेच. मी कलमाची प्रत जोडून शाखेला लेखी कळवलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्या अधिकृत अधिकाऱ्याची सही दिली. अर्ज मुदतीत गेला.

नोंदणीचं CHG-2 प्रमाणपत्र आल्यावर त्यातली तारीख, रक्कम आणि मालमत्तेचं वर्णन करारासमोर ठेवून ताडून घेतलं. नोंदणी नसेल तर कंपनी बुडाल्यावर तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटर आणि इतर धनको तो चार्ज मानत नाहीत. कर्ज मात्र फेडावंच लागतं. म्हणूनच बँकेलाही या तारखेची काळजी आमच्याइतकीच हवी.