लग्नाची पोस्ट शेतकऱ्याला, शेताची पोस्ट नवरीच्या आईला: ड्रोन स्टुडिओने या चुका टाळा

निफाड तालुक्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे. दोन माणसं, एक ड्रोन, तीन बॅटऱ्या. ड्रोन घेतला त्या हंगामात आम्ही एकच पोस्ट बनवली आणि सगळीकडे फिरवली: ‘आता आकाशातून टिपा तुमचे अविस्मरणीय क्षण! लग्न, शेती, प्लॉट, कार्यक्रम. ड्रोन शूटिंगसाठी संपर्क करा.’ पुढे नवरा-नवरी, मागे द्राक्षबाग. फोन भरपूर आले, पण त्यातले बहुतेक एकच विचारत होते, ‘एकरी किती घेता?’ आणि मुलीच्या लग्नासाठी चौकशी करणाऱ्या एका काकूंनी विचारलं, ‘ते औषध मारायचं मशीन तुम्ही मांडवात आणणार का हो?’

काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. गावाकडे गेल्या काही वर्षांत ड्रोन दिसला तो फवारणीचा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेनंतर तर बचत गटांच्या बायकाही तो चालवताना दिसतात. त्यामुळे पोस्टमध्ये सगळ्यात मोठ्या अक्षरात ‘ड्रोन’ लिहिलं की शेतकऱ्याला पंप आठवतो आणि लग्नघराला घरघर. आम्हाला आमच्या मशीनचं कौतुक होतं, म्हणून आम्ही मशीनपासून सुरुवात केली. चूक तिथेच होती.

पहिला प्रश्न वहीत लिहा

पोस्ट कुठे चुकली हे लाइक्सवरून कळत नाही, येणाऱ्या फोनवरच्या पहिल्या प्रश्नावरून कळतं. आम्ही एक वही केली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न जसाच्या तसा लिहू लागलो. ‘एकरी किती?’ आला, तर पोस्टमध्ये फवारणी करत नाही हे स्पष्ट लिहिलेलं नाही. ‘बांधाची मोजणी करून द्याल का?’ आला, तर वरून काढलेला शेताचा फोटो लोकांनी नकाशा समजून वाचला. मोजणी हे भूमी अभिलेखचं काम, आपल्या व्हिडिओने बांधाचा वाद मिटत नाही, उलट पेटू शकतो. ‘रोग कुठे आहे ते दिसेल का?’ आला, तर आपण कुठेतरी ‘पिकाचं निरीक्षण’ असा भारी शब्द वापरलेला असतो. साध्या कॅमेऱ्यात पिवळी पडलेली ओळ दिसते, पण ती पाण्याने पिवळी की रोगाने, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठीचे कॅमेरे वेगळे आणि ते वाचणारा माणूसही वेगळा.

लग्नाकडून हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘दिवसभर उडणार ना?’ हा ‘फुल डे ड्रोन’ या दोन शब्दांचा प्रताप. एक बॅटरी प्रत्यक्षात वीसेक मिनिटं चालते. तीन बॅटऱ्या म्हणजे जेमतेम तासभर, आणि मध्ये चार्जिंग करता आलं तर थोडं अधिक. नवरदेवाच्या मामांना वाटतं, पैसे दिवसाचे दिले आणि मशीन सगळा वेळ पेटीतच. म्हणून आता आम्ही उड्डाणाची वेळ मिनिटांत लिहितो.

लग्नघराला काय सांगायचं

लग्नाचा व्हिडिओ ठरवणारं माणूस बहुतेक वेळा आई, मावशी किंवा सगळी धावपळ अंगावर घेतलेली चुलत बहीण असते. तिला उंची, रिझोल्यूशन यात रस नसतो. तिची काळजी साधी: मंगलाष्टकांत आवाज होईल का, कोणाच्या डोक्यावर पडेल का, आणि आजी व्हिडिओत दिसेल का? आमच्या जुन्या पोस्टमध्ये यातल्या एकाचंही उत्तर नव्हतं. नमुन्याच्या व्हिडिओत पहिली दहा सेकंदं लॉनच्या छताची होती आणि माणसं मुंगीएवढी.

छताचा मुद्दा जरा नीट सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर विधी मांडवाखाली होतात. वरून कापड दिसतं, अंतरपाट दिसत नाही. रात्रीच्या लॉनवर छोट्या कॅमेऱ्यात चित्र दाणेदार येतं. ड्रोनचा खरा उपयोग वरात दारात येते तेव्हा, गोरज मुहूर्ताच्या आधीच्या उजेडात, आणि सगळ्या वऱ्हाडाला मोकळ्या जागेत उभं करून काढलेल्या एका फोटोत. म्हणजे पोस्टमध्ये ‘संपूर्ण लग्न आकाशातून’ असं लिहिणं हे खोटंच. आमची आताची पोस्ट अशी आहे:

> लग्न लॉनवर आहे? वरात दारात येते तिथपासून सगळं वऱ्हाड एका फोटोत उभं राहीपर्यंतचं चित्रण आम्ही वरून करतो. मंगलाष्टकांच्या वेळी ड्रोन खाली उतरवलेला असतो, तेव्हा आम्ही दोघंही कॅमेरा घेऊन मांडवात असतो. उड्डाण साधारण एक तासाचं. लॉनचं नाव आणि मुहूर्ताची वेळ कळवा. तिथे उडवता येतं का, ते आधी बघून सांगतो.

शेवटचं वाक्य सजावटीसाठी नाही. आमच्या जिल्ह्यात ओझरचा विमानतळ आहे, देवळालीकडे लष्कराचा भाग आहे. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते; 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांच्या वर लागते. सरकारी ड्रोन नकाशावर लाल दाखवलेल्या क्षेत्रात तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचंच नाही. म्हणून गावाचं नाव पुरत नाही, लॉनचं नेमकं ठिकाण सरकारी नकाशावर बघावं लागतं. शिवाय पोलिसांचे तात्पुरते बंदी आदेश असतात, ते आदल्या दिवशी ठाण्यात विचारून घ्यायचे. ‘परवानगीची चिंता आमच्यावर सोडा’ असं आम्ही एका पोस्टमध्ये लिहिलं होतं. पुढे एका लग्नात ऐनवेळी ड्रोन पेटीतच ठेवावा लागला आणि ते वाक्य आम्हाला भरल्या मांडवात ऐकवलं गेलं. आणखी एक: 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर जाहिरात करणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा छापणं.

बागेचा व्हिडिओ वरून काढून भागत नाही

शेतमालकाचं वेगळं. त्याला आठवण नको असते, त्याला तिसऱ्या कोणाला तरी काहीतरी दाखवायचं असतं: व्यापाऱ्याला माल, पर्यटकाला कृषी पर्यटन केंद्र, गिऱ्हाइकाला रोपवाटिका. म्हणून शेताच्या पोस्टमध्ये ‘कोणाला दाखवायचंय?’ हा प्रश्न आधी यायला हवा. आम्ही आधी शेतावरही लग्नाचंच संगीत आणि गोल गोल फिरणारा कॅमेरा वापरायचो. एका बागाईतदार आबांनी तो नमुना बघून विचारलं, ‘सुंदर आहे, पण माल कुठंय?’

खरंच नव्हता. द्राक्षाचे घड मांडवाच्या खाली लोंबतात. साठ मीटरवरून बघितलं तर कोणतीही बाग हिरवी रेघारेघांची चटई, आपली काय नि शेजाऱ्याची काय. आबांच्या बागेत आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा क्रम बदलला. आधी डांबरी रस्त्यापासून फाटकापर्यंतची वाट, कारण गाडी आत येते का हे व्यापारी पहिलं बघतो. मग शेततळं. मग ड्रोन ओळीच्या तोंडाशी सात-आठ मीटरवर आणून बागेच्या कडेने संथ नेला, म्हणजे ओळींची लांबी आणि वेलींचा सारखेपणा कळतो. मग ड्रोन उतरवला आणि हातातला कॅमेरा घेऊन मांडवाखाली वाकून घडांचं चित्रण केलं. आबांना आवडलेला भाग हाच, आणि त्यात ड्रोन नव्हताच.

वेळही आम्ही पहिल्यांदा चुकवली होती. निर्यातीच्या मालात मण्यात पाणी उतरायच्या सुमारास घडांना कागद गुंडाळतात. आम्ही पोहोचलो तेव्हा मांडवाखाली सगळीकडे वर्तमानपत्रं लटकत होती. आता फोनवरच विचारतो: छाटणी कधीची, कागद लागला का? लागला असेल तर मालकाला दोन-चार वेलींवरचा कागद चित्रणापुरता काढायला सांगतो. सकाळी दव ओसरल्यावर, साधारण नऊच्या सुमारास, तिरपा उजेड मांडवाखाली शिरतो. बारा वाजता गेलात तर वर लख्ख आणि खाली काळोख.

> बाग व्यापाऱ्याला किंवा पाहुण्यांना लांबूनच दाखवायची आहे? रस्ता, फाटक, शेततळं, ओळी आणि मांडवाखालचे घड, सगळं दोन मिनिटांच्या एका व्हिडिओत. फवारणी आणि मोजणी आम्ही करत नाही. दर एका सकाळच्या कामाचा, एकरावर नाही. बाग कोणत्या गावात आहे, छाटणी कधीची आहे आणि व्हिडिओ कोणाला दाखवायचा आहे, ते कळवा.

‘एकरावर नाही’ हे लिहिल्यापासून दराची घासाघीस बरीच कमी झाली. शेतकरी मनात एकराने हिशोब करतो, लग्नघर समारंभाने. दर सांगताना एकक चुकलं की आकडा वाजवी असूनही महाग वाटतो.

आणि आबांचा व्हिडिओ आम्ही सौदा होईपर्यंत आमच्या पेजवर टाकला नाही. आपला माल किती तयार आहे हे चारचौघांना आधी कळावं, असं कोणत्याही मालकाला वाटत नाही. शेजाऱ्याची बाग कडेला दिसत होती, ती कापली. लग्नाच्या व्हिडिओलाही हेच: वरपक्षाने हो म्हटलं तरी वधूपक्षाला वेगळं विचारायचं.

चौकशी कुठून आली हे कसं ओळखायचं

दोन पोस्ट केल्या, पण नंबर एकच ठेवला, तर पुन्हा गोंधळ. म्हणून आम्ही प्रत्येक पोस्टखाली त्याच नंबरची, पण वेगळा शब्द असलेली व्हॉट्सॲप लिंक देतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LAGNA
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=BAAG
```

लिंक दाबली की चॅटमध्ये तो शब्द आधीच टाइप झालेला असतो, समोरच्याने फक्त पाठवायचं. आला शब्द की बिझनेस ॲपमध्ये लेबल लावायचं. ब्रॉडकास्ट यादीही वेगवेगळी ठेवा. मात्र तुमचा नंबर ज्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. आमचे पहिले कित्येक निरोप त्यामुळेच हवेत गेले. लग्नाची पोस्ट तुळशीच्या लग्नाच्या आसपास जोर धरते, बागेची फळछाटणीनंतर. दोन्ही एकाच दिवशी स्टेटसला लावायच्या नाहीत.

एवढं वेगळं ठेवूनही एक पेच राहतोच. फेब्रुवारीत माल काढणारा बागाईतदार मे महिन्यात मुलीचं लग्नही करतो. आबांच्या घरचं ठरलं तेव्हा मी त्यांना लग्नाची पोस्ट पाठवली. त्यांचा फोन आला, ‘हे माझ्याकडे कशाला? घरात पाठव,’ आणि त्यांनी त्यांच्या घरच्या काकूंचा नंबर दिला. या काकूंनी पहिलं विचारलं ते मंगलाष्टकांचंच.